सुधारून घ्यावे, ही विनंती

आमच्या मासिकाकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक लेखाच्या खाली एक ओळ ठरलेली असे : ‘काही उणे असल्यास सुधारून घ्यावे, ही विनंती.’ पाहुण्याला पानावर बसवून ‘गोड मानून घ्या’ म्हणावे, तशी ही ओळ. तसे म्हटले म्हणून पाहुणा उठून स्वयंपाकघरात शिरत नाही आणि आमटी ओतून देऊन नवी फोडणी घालत नाही. आमचे संपादक मात्र नेमके तेच करत.

ही गोष्ट एकोणीसशे तीसनंतरच्या काही वर्षांतली. मी तेव्हा नाशकात मुलींच्या शाळेत शिकवीत असे आणि शाळा सुटली की रविवार कारंज्याजवळच्या एका माडीवर जात असे. तिथे स्त्रियांसाठी एक मासिक निघे. खाली छापखाना, वर कचेरी. बायकांचे मासिक असल्याने कचेरीत एक तरी बाई दिसायला हवी, म्हणून मला बोलावले होते. आलेले लेख मी आधी वाचायचे, ऱ्हस्वदीर्घ आणि अनुस्वार नीट करायचे, सुटलेली विरामचिन्हे घालायची. मग ते संपादकांच्या टेबलावर. त्यांच्या हातून सुटले की खाली जुळाऱ्याकडे जात, तो अक्षरांचे खिळे जुळवी, आणि कच्ची प्रुफे पुन्हा माझ्याकडे येत. ज्या बाईने लेख लिहिला तिला प्रूफ दाखवायची पद्धत नव्हती. ती आपला लेख छापून आल्यावरच पाहायची, इतर वाचकांसारखी.

संपादक स्वभावाने वाईट नव्हते, असे लोक म्हणत. मी म्हणत नाही. त्यांना स्वतःची भाषा फार आवडे. कुणाचाही लेख हाती आला की ते खालची विनंतीची ओळ आधी वाचत, समाधानाने मान हलवत आणि लेखणी दौतीत बुडवत. मग मालेगावची बाई असो की नाशिक रोडची, सगळ्याजणी त्यांच्यासारख्याच लिहू लागत. वर पुन्हा मासिकाच्या पहिल्या पानावर छापलेले असे, ‘महिलांचे स्वतःचे लेखन’.

एकदा सिन्नरहून एक लेख आला. लिहिणारी तरुण विधवा होती. वडील शाळामास्तर, त्यामुळे लग्नाआधी ती मराठी फायनलची परीक्षा पास झालेली. सासरी किराण्याचे दुकान, घरात थोरल्या दिरांचा शब्द चाले. लेखासोबतच्या चिठ्ठीत तिने लिहिले होते की, पुण्याला जाऊन मास्तरीणबाईचे ट्रेनिंग घ्यायची तिची इच्छा आहे आणि दीर अजून हो म्हणत नाहीत. छापलेला लेख पाहिला तर कदाचित त्यांना तिच्या शिकण्याची किंमत कळेल.

लेख होता स्वयंपाकघरातल्या धुरावर. दीडेक पानाचा. मला त्यातले एक वाक्य अजून पाठ आहे : ‘आमच्या घरात देवाला खिडकी आहे, चुलीला नाही.’ पुढे तिने लिहिले होते की पुरुष घरात शिरले की आधी विचारतात, ‘रडतेस का?’ आणि धूर आहे म्हटले की त्यांना बरे वाटते. मी वाचून एकटीच हसले. शेवट मात्र घसरला होता. धूर सोडून ती एकदम देशाच्या उन्नतीवर गेली होती आणि तिथेच कुठेतरी थांबली होती. मी अनुस्वार दिले, दोन वाक्ये चिकटली होती ती सोडवली आणि लेख पुढे ठेवताना म्हणाले, “हिला एकदा विचारून घेऊ या का? नुसते शुद्धलेखन पाहायचे की आणखी काही करून हवे आहे?”

“विचारायचे काय? खाली लिहिले आहे की!” संपादकांनी विनंतीच्या ओळीवर बोट ठेवले.

“ती ओळ तर सगळ्याच लिहितात.”

“म्हणजे सगळ्यांनाच हवे असते, बाई.”

प्रूफ आले तेव्हा मी कपाळाला हात लावला. चुलीची खिडकी गेली होती. तिच्या जागी ‘गृहलक्ष्मीच्या कमलनेत्रांतून ओघळणारी अश्रुमालिका’ आली होती. ‘रडतेस का?’ गेले आणि त्या ठिकाणी ‘हे प्राणेश्वरा’ अशी कुणाला तरी हाक आली होती. आणि जो शेवट खरोखर पडला होता, त्याला संपादकांनी हातही लावला नव्हता. देशाची उन्नती त्यांना पसंत पडली होती. मी प्रूफ घेऊन त्यांच्याशी भांडले. ते म्हणाले, “लेखिका धन्य होईल.” अंक निघाला.

पुढच्याच आठवड्यात लेखिका आली. सिन्नरच्या सर्व्हिस मोटारीने, थोरल्या दिरांबरोबर. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला होता आणि दाराशीच उभी राहिली होती. दिरांच्या हातात अंक होता, त्या पानावर दुमडलेला. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

“हे हिनं लिहिलेलं नाय,” ते म्हणाले. “हिची भाषा मला ठावं हाय. दुकानाची पत्रं हीच लिहिते. हे कोन्या पुरुषानं लिहून दिलंय. कोन हाय तो, येवढं सांगा. गावात लोक इचारत्यात, हिचा प्राणेश्वर कोन म्हनून.”

माझ्या अंगातून संताप सरसरत गेला. दिरांचाही आला आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचा तर जास्तच. नवरा जाऊन वर्षे झालेल्या बाईच्या तोंडी ‘प्राणेश्वरा’ घालताना यांच्या मनात काही आले नव्हते का? नव्हतेच. त्यांच्या लेखी ती बाई नव्हतीच, कोरा कागद होता.

आता खरे तर एक वाक्य पुरे होते. ‘लिहिणारा मी’ एवढे म्हटले असते तर त्या मुलीवरचे सगळे किटाळ तिथेच गेले असते. संपादकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “आमच्याकडे सर्व लेखन महिलांचेच असते. आम्ही फक्त किंचित संस्कार करतो.”

“म्हंजी हिनंच लिहिलं?”

संपादक टेबलावरचे कागद सारखे करू लागले. ‘महिलांचे स्वतःचे लेखन’ छापलेले पहिले पान सांभाळत होते.

“नाही,” मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की खालचा छापखान्याचा खडखडाट थांबल्यासारखा वाटला. “दादा, ही भाषा आमच्या संपादकांची आहे. कमलनेत्र त्यांचे, प्राणेश्वर त्यांचा. तुमच्या भावजयीने चुलीला खिडकी नाही असे लिहिले होते, दुसरे काही नाही. सगळ्यांत आधी मीच ते वाचले आहे.”

दिरांनी अंकाकडे पाहिले, मग संपादकांकडे. “मग खाली नाव हिचं कशापायी?”

त्या माणसाशी माझे पुष्कळ बाबतींत जमले नसते, पण हा प्रश्न त्यांनी लाख मोलाचा विचारला. संपादक म्हणाले, “त्यांनीच विनंती केली होती सुधारण्याची.”

तेव्हा दारातून पहिल्यांदा तिचा आवाज आला. बारीक, पण जरासुद्धा न कापणारा.

“मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. शुद्धलेखन बघा, बाकी राहू द्या. शेवट तेवढा मला जमला नव्हता. तो नीट करून हवा होता. तोच तसा ठेवलात.”

दोघे गेले. जिना उतरताना दीर तिला म्हणाले ते मला स्पष्ट ऐकू आले, “यंदा पुन्याचं नाव काढू नको. लोकांची तोंडं मिटू दे आधी.” म्हणजे खरे कळूनही तिचे एक वर्ष गेले. संपादकांचे काय गेले? त्यांनी चहा मागवला.

मी चहा घेतला नाही. त्यांचा संपेपर्यंत उभी राहिले आणि म्हणाले की यापुढे विचारल्याशिवाय लेख फिरवायचा असेल तर प्रुफे वाचायला दुसरी बाई बघा. ते म्हणाले, प्रत्येकीला पत्र घालून विचारत बसलो तर अंक निघायचा कधी? आणि परक्या पुरुषाचे कार्ड बायकांच्या घरी गेले तर ते सासू-सासऱ्यांपासून गड्यापर्यंत सगळे वाचणार. हे मात्र खरे होते. विचारण्यातूनच नवा गोंधळ व्हायचा. त्यामुळे मी अशी रीत बसवली की कुणाला पत्रच घालावे लागू नये. लेखकांसाठीच्या सूचनांत दोन ओळी वाढवल्या : लेखाच्या माथ्यावर ‘शुद्धलेखन’ किंवा ‘पुनर्लेखन’ यांपैकी एक शब्द लिहावा, आणि एखाद्याच जागी मदत हवी असेल तर तेथे समासात उभी रेघ ओढावी. काहीच लिहिले नसेल तर फक्त शुद्धलेखन पाहिले जाईल. कुठे अगदीच अडले तर पाकिटातून पत्र जाई, माझ्या सहीने, आणि सोबत त्यांच्या लेखातला एकच परिच्छेद दोन तऱ्हांनी लिहिलेला : एक नुसता चुका काढलेला, एक पुन्हा लिहिलेला. नको असेल तो खोडून परत पाठवायचा. बाईमाणसाला लांबलचक खुलासे करावे लागत नसत, आणि आम्हाला तिच्या मनातले ओळखल्याचा आव आणावा लागत नसे.

संपादक कुरकुरत राहिले. “लिहिणाऱ्यांना स्वतःला काय हवे ते कुठे कळते?” म्हणत. पण कागद येऊ लागले. कुणी लिहिले ‘पुनर्लेखन’ आणि पुढे ‘हवे तसे करा, फक्त माझ्या आईविषयीचा भाग सोडून’. हरसूलकडच्या एका शिक्षकाच्या बायकोने पानभर रेघा ओढल्या आणि एकाच वाक्याला चौकट केली की हे मोडू नका. प्रत्येकीला आपले काय सांभाळायचे ते बरोबर ठाऊक होते. विचारले नव्हते, एवढेच.

सिन्नरहून मात्र काही येत नव्हते. वर्ष उलटले. पावसाळा सरता सरता एक पाकीट आले, त्यावर शिक्का पुण्याचा. मी ते कचेरीत उभ्या उभ्याच फोडले. ट्रेनिंगच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकघराविषयी लेख होता. तिथे चुलीला खिडकी होती, पण ती उघडायला बंदी होती, आणि ती कुणी कशी उघडली त्याची हकीगत.

संपादकांनी सवयीने हात पुढे केला आणि सवयीनेच आधी शेवटचे पान उलटले. विनंतीची ओळ नव्हती. माथ्यावर ठळक अक्षरांत ‘शुद्धलेखन’ लिहिले होते, आणि शेवटच्या परिच्छेदापाशी समासात रेघेऐवजी बारीक अक्षरांत एवढेच : ‘शेवट या वेळी मी स्वतः नीट केला आहे.’

त्यांनी लेखणी उचलली होती. मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला आणि खाली जुळाऱ्याकडे स्वतः नेऊन दिला.