न बसलेला शिक्का

चिखलीतल्या माझ्या बाल दवाखान्यात त्या बापानं रिपोर्ट टेबलावर आपटला आणि शेजारी बसलेल्या बायकोच्या तोंडात मारली. दीड वर्षाची मुलगी तिच्या मांडीवर होती. बोटं आखडलेली, हिरड्या फुगलेल्या.

"रक्तात इन्झाइम लय जास्त हायेत म्हणते यात. मंग पोरगी वाढत काऊन नाही? हीच उपाशी ठेवते तिले."

मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर रेटलं. डॉक्टरनं असं करू नये, मी केलं. तसंच धरून सांगितलं, की पेशीतल्या गॉल्जी नावाच्या भागात या इन्झाइमांवर मॅनोज-सिक्स-फॉस्फेटचा, म्हणजे पत्त्याचा, शिक्का बसतो, म्हणून ती लायसोसोममध्ये, पेशीच्या कचरा जिरवणाऱ्या पिशवीत, पोचतात आणि तिथला कचरा मोडतात. हिच्यात तो शिक्काच बसत नाही. म्हणून इन्झाइमं बाहेर रक्तात सांडतात आणि पेशीत कचरा साचत जातो. मग कितीही खाऊ घाल.

"म्हंजे दोष हिचाच नं?"

"बिघडलेला जीन एक तिच्याकडून आला, एक तुझ्याकडून; दोन्ही मिळाले तरच हा आजार होतो. बायको तुझ्या मामाचीच मुलगी ना?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. मी कॉलर सोडली.

फुटलेला ओठ पदरानं पुसत ती पहिल्यांदाच बोलली.

"आता सोताले मारा."