खोडलेल्या दोन ओळी

मुलुंडला आमच्या इमारतीखाली किराणा दुकान आहे, त्या दुकानदाराच्या मुलीइतकं संशयी माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. मी स्वतः बिलाची बेरीज दोनदा करतो, पण ती माझी बेरीजही तपासते. सुट्टे पैसे दिले तर नाणं उलटसुलट करून बघते. वजनकाट्यावर काही ठेवण्याआधी तो शून्यावर आहे ना ते बघते, आणि काटा दुकानाचाच आहे. "काका, विश्वास वेगळा आणि खात्री वेगळी," असं वर ऐकवते.

तिसऱ्या मजल्यावरच्या मामींचे गुडघे दुखायला लागले, तेव्हापासून त्या तमिळमध्ये यादी लिहून मोबाईलवर फोटो पाठवतात. फोटो तिरका किंवा सावलीतला असला की ही फोन करते, "मामी, खिडकीपाशी धरून परत काढा ना." मग मोबाईलकडून भाषांतर करून घेते. कागदावरच्या ओळी आणि भाषांतरातल्या ओळी मोजते, कारण मोबाईल कधीकधी दोन ओळींची एक करतो.

परवा मी बिल तपासत उभा होतो. तिच्या पप्पांनी मामींचं सामान बांधायला घेतलं होतं.

"पप्पा, थांबा. इडलीचा तांदूळ आणि उडीद डाळ काढा."

"का गं? भाषांतरात आहेत की."

तिने मूळ फोटो दाखवला. दोन्ही ओळी आडव्या रेघेने खोडलेल्या. मोबाईलने खोडलेलंही वाचलं होतं आणि मराठी शब्द बरोबर त्या रेघेवर बसवले होते. रेघ झाकली गेली होती.

"इतक्या वर्षांत मामींनी हे कधी सोडलंय? दुसरीकडून मागवतायत. काका, चला, साक्षीदार पाहिजे."

मी गेलो. खरं सांगायचं तर मलाही संशय आला होता.

मामींनी दार उघडलं. हिने सरळ विचारलं, "तांदूळ कुठून घेतला?"

मामी म्हणाल्या, "लिहून झाल्यावर आठवलं. इडलीचं वाटायच्या ग्राइंडरचा दगड आता उचलवत नाही गं. वाटायचं कोणी?"

"तयार पीठ देते की."

"तुझ्या दुकानातलं? त्यात सोडा असतो."

"नसतो."

"तू बघितलंस?"

दुकानदाराची मुलगी खाली गेली, तांदूळ-डाळ घेऊन आली आणि मामींसमोर भिजवली. संध्याकाळी येऊन वाटली, दगड उचलून धुतला. वाटताना पाणी किती पडतंय, त्यावर मामी शेजारी खुर्ची टाकून लक्ष ठेवून होत्या.

आता दर आठवड्याला असंच चालतं. मामींची अक्षरं हल्ली थरथरतात, मोबाईल निम्म्या ओळी सोडून देतो. ही मात्र भाषांतर बाजूला सारून आधी मूळ फोटो मोठा करते आणि तांदूळ-डाळीच्या, आता ओळखीच्या झालेल्या दोन ओळींवर बोट ठेवून बघते. रेघ नाही अशी खात्री झाली, की मगच तांदळाच्या डब्याचं झाकण उघडते.