पाच आकडे आत, चार बाहेर

ती फाइल मला कॉलेजमधल्या एका सीनियरने दिली होती. प्रोग्राम जेमतेम अकरा ओळींचा. खाली त्याने लिहिलं होतं, "सबसे तेज़ सॉर्टिंग. कोई तुलना नहीं." मी त्यावर विश्वास ठेवला.

मला तेव्हा अशा गोष्टीची फार गरज होती. अल्गोरिदमच्या प्रॅक्टिकलमध्ये मी एकदा नापास झाले होते. पुरवणी परीक्षेतही नापास झाले तर चौथ्या वर्षात प्रवेश नव्हता. वर्गात न शिकवलेली सॉर्टिंगची, म्हणजे आकडे क्रमाने लावण्याची, एक पद्धत लिहून आणायची, ती चालवून दाखवायची आणि तिला किती वेळ लागतो, ती कुठे अडते ते सांगायचं, एवढंच काम होतं. घरात मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या आमच्या कुटुंबातून कॉलेजात जाणारी मी पहिली. बाबा ब्रह्माघाटाजवळच्या वेदशाळेत शिकले. तिथे गुरुजींनी म्हटलं की मुलांनी तसंच म्हणायचं, मध्ये थांबवून 'असं का' विचारायचं नसतं. मला तिथे कुणी बसवलं नाही, पण बाबा घरी मुलांना संथा द्यायचे तेव्हा शेजारच्या खोलीत मीही मनात तसंच म्हणत असे. सवय तीच लागली.

पद्धत मला सुंदर वाटली होती. प्रत्येक आकड्यासाठी एक वेगळं काम सुरू करायचं. त्या कामाने आकडा असेल तितके सेकंद झोपायचं आणि उठलं की आपला आकडा छापायचा. तीनवाला तीन सेकंदांनी उठतो, आठवाला आठ सेकंदांनी. लहान आधी, मोठा नंतर. आपोआप क्रम लागतो, दोन आकड्यांची एकमेकांशी तुलना करावीच लागत नाही. या पद्धतीला स्लीप सॉर्ट म्हणतात, हेही त्या सीनियरनेच सांगितलं.

दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या घरात मी ती चालवून पाहिली. दहा, वीस, चाळीस, साठ असे आकडे टाकले. साठ यायला मिनिट लागलं, म्हणून मी सेकंदाऐवजी सेकंदाचा हजारावा भाग धरला. मग सगळे आकडे क्षणात आले. मी स्वतः केलेली सुधारणा तेवढीच, आणि तिचा मला अभिमान वाटला. बाबा मागे उभे होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण आकडे ओळीने आलेले त्यांनी पाहिले.

"झालं म्हणायचं तुझं?"

"हो बाबा. या वेळी होईल."

पुरवणी प्रॅक्टिकलला परीक्षक म्हणून बाहेरच्या कॉलेजातून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी माझा प्रोग्राम वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"ये तुम सच में जमा कर रही हो?"

"जी मैडम."

"किसी ने बताया नहीं कि ये मज़ाक है?"

मी नकारार्थी मान हलवली. मला खरंच कुणी सांगितलं नव्हतं. मुलांच्या हॉस्टेलमध्ये ही गोष्ट हसण्यासाठी फिरत असावी. माझ्यापर्यंत आली तेव्हा तिच्यातलं हसू कुठेतरी गळून गेलं होतं.

"ठीक है, चलाओ," मॅडम म्हणाल्या आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढला. त्यांनी पाच आकडे टाकले. चाळीस, एक्केचाळीस, सात, उणे पाच, तीन.

लॅबमधलं ते मशीन जुनं होतं. पडद्यावर तीन आला, सात आला. मग एक्केचाळीस आला आणि त्याच्या मागून चाळीस; सेकंदाच्या हजाराव्या भागाचा फरक त्या मशीनला पाळता आला नव्हता. वर एरर आलेली होती, कारण उणे पाच इतका वेळ कुणी झोपू शकत नाही. उणे पाच कुठेच नव्हता.

"कितने डाले थे?"

"पाँच."

"निकले कितने?"

मी पडद्यावरचे आकडे मोजले. चार. घरी टाकलेले माझे आकडे एकमेकांपासून लांब लांब होते, आणि त्यातला एकही शून्याच्या खालचा नव्हता. मी तेच आकडे निवडले होते जे मला फसवणार नाहीत.

"अब इसमें नब्बे लाख डाल दूँ तो?" मॅडमनी विचारलं. "ढाई घंटे बैठूँ मैं यहाँ? पाँच नंबरों के लिए?" त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच जास्त लागत होतं. "और तुलना नहीं होती, ये किसने कहा? कौन कब जागेगा, उसकी कतार ऑपरेटिंग सिस्टम लगाता है. छाँटने का काम उसने किया, बेटा. तुमने बस छिपा दिया."

मग त्यांनी टेबलावरची हजेरीची दहा पानं उचलली. "इसका एक भाई है, बोगोसॉर्ट. पन्ने हवा में उछालो, उठाओ, देखो क्रम में हैं कि नहीं. नहीं हैं तो फिर उछालो. दस पन्ने हों तो औसतन छत्तीस लाख से ज़्यादा बार. किस्मत ख़राब हो तो कभी नहीं. इसमें सबसे बुरी बात क्या है?"

"समय बहुत लगता है."

"नहीं. पिछली बार से कुछ सीखता नहीं. तीन पन्ने सही जगह आ गए थे, वो भी फिर उछाल देता है."

त्यांनी ती पानं जपून खाली ठेवली. माझ्या नावापुढे काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, पण पेन फार थोडं हललं.

घरी आले तेव्हा बाबा गच्चीवर पोथीला ऊन दाखवत होते. आमच्याकडच्या जुन्या पोथ्या शिवलेल्या नसतात. सुटी पानं दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून कापडात बांधतात. वाऱ्याने काही पानं उडाली होती आणि बाबा ती लावत होते. एक पान उचलायचं, समासातला आकडा पाहायचा, लावलेल्या पानांत त्याची जागा शोधायची, तिथे सरकवायचं. लावलेली पानं ते पुन्हा विस्कटत नव्हते. मी शेजारी बसले आणि पानं उचलून देऊ लागले.

सगळी लागल्यावर बाबांनी मोजली. बांधण्याआधी ते नेहमी मोजतात. मी लहानपणापासून पाहत आले आहे. कधी कधी ते मलाच मोजायला लावत.

"एकसष्ट," ते म्हणाले. "बासष्ट हवीत."

क्रम नीट होता. वरवर पाहिलं असतं तर कुणालाही काही कळलं नसतं. मी ती पानं पाहत होते आणि मला रडू यायला लागलं. हे मला येत होतं. पाच टाकले तर पाच निघाले का, एवढं पाहणं मला कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. आणि तरी कॉम्प्युटरसमोर बसल्यावर मी ते बाजूला ठेवून दिलं.

"काय गं?"

"बाबा, नाही झालं."

ते पान शोधायला उठले होते, ते थांबले. "पुन्हा देता येईल ना?"

"येईल. पुढच्या वर्षी."

"मग देशील. आमच्याकडेही नाही का, शंभरदा म्हणावं लागतं."

मला त्यांना सांगायचं होतं की शंभरदा म्हणताना नव्व्याण्णवावी खेप वाया जात नाही, ती जिभेवर बसलेली असते. माझं तसं नाही. पहिल्या वेळी नापास झाले तेव्हा मी काय चुकलं ते पाहिलंच नाही. सगळं टाकून नवीन काहीतरी उचललं, आणि ते लागेल अशी आशा धरली. पुढच्या वर्षीही मी हेच करणार नाही, याची मला खात्री देता येत नव्हती. माझ्याबरोबरची मुलं तेव्हा चौथ्या वर्षात असतील.

त्याऐवजी मी पान शोधायला उठले. आम्ही दोघांनी गच्ची शोधली, जिना शोधला, खालची गल्ली शोधली. पान सापडलं नाही.

बाबांनी वरची फळी बाजूला ठेवली, कापड घडी करून तिच्यावर ठेवलं आणि एक पान कमी असलेली पोथी न बांधता तशीच उघडी आत नेली.