तीन ओळींची लाल वायर

मीटरबाईंना मी पहिल्यांदा भेटलो तो भांडायला. आमच्या गाडीवाल्यांच्या संघटनेतल्या एकाची बॅटरी त्यांनी आठ दिवस अडकवून ठेवली होती. दुकानात शिरलो आणि टेबलावर हात आपटला. त्यांनी आधी टेबलाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"सावकाश. तिथं आधीच जळलंय."

खरंच जळलं होतं. फळीच्या मधोमध ताटलीएवढा काळा डाग. नवी फळी त्यांना परवडत होती, पण टाकली नाही. "मीच उठवला होता एक मेलेला सेल, पहिल्या वर्षी," एवढंच त्या बोलल्या आणि परत मीटरच्या दोन सुया सेलच्या दोन टोकांना लावल्या.

बाईंनी बावीस वर्षं एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली. कारखाना बंद पडला, तेव्हा बाकीच्या बायांनी मिळेल ते काम धरलं. मीटरबाई घरी आल्या आणि थोरल्या बहिणीच्या पुढच्या खोलीत बॅटरी दुरुस्तीचं दुकान थाटलं. आलेल्या प्रत्येक सेलवर मार्करनं तारीख आणि व्होल्ट लिहायचे, आठवडाभर तसाच ठेवायचा, मग परत मोजायचं. आकडा टिकला तर सेल चांगला. घसरला तर भंगार, मालक कितीही ओरडो. "आठवडा गेल्याशिवाय मी कोणाला चांगलं म्हणत नाही. सेलला नाही, माणसाला नाही." मला चांगलं म्हणायला त्यांनी किती आठवडे घेतले ते मी विचारलेलं नाही. अजून मोजत असतील.

आता लांबूचं सांगतो. लांबू पाण्याचे मोठे डबे तीनचाकी बॅटरी-गाडीवरून घरोघर पोचवतो. उंची इतकी, की आमच्या कचेरीच्या दारातून वाकून येतो आणि वाकूनच बसतो. गेल्या साली त्याचा पाय मोडला. सहा आठवडे गाडी गल्लीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली उभी. पाय बरा झाल्यावर चार्जर लावला, तर गाडी चार्जच घेईना. बॅटरी काढून त्यानं मीटरबाईंकडं नेली. मीही गेलो सोबत, संघटनेचा माणूस म्हणून.

बाईंनी झाकण उघडलं. आत सेलच्या तेरा ओळी, एकीमागं एक जोडलेल्या. दहा ओळी साडेतीन व्होल्टच्या वर. पहिल्या तीन मात्र शून्य पॉइंट सहा, शून्य पॉइंट चार, शून्य पॉइंट दोन.

"या तीन ओळी गेल्या," बाई म्हणाल्या. "बदलाव्या लागतील. जुळणारे सेल तपासून काढायला दहा दिवस."

"दहा दिवस!" लांबूचा चेहरा उतरला. "मावशी, दीड महिना घरात बसलोय. गिऱ्हाइकं दुसऱ्याकडं गेली. थोडं चार्ज देऊन उठवा की."

"नाही."

माझं डोकं फिरलं. "नाही म्हणजे काय? उतरलेली बॅटरी भरायची असते, टाकायची नसते. गरिबाची अडवणूक करता?"

बाईंनी सुया खाली ठेवल्या. "पुढारी, ऐका. कुठल्याही ओळीला आम्ही दोन पॉइंट आठच्या खाली जाऊ देत नाही. बॅटरीवर जी सर्किटची पाटी बसवलीय ना, बॅटरी सांभाळणारी, बीएमएस, ती तिथं प्रवाह तोडते. गाडी मध्येच थांबते आणि तुम्ही लोक पाटीला शिव्या घालता. पण ती उगाच तोडत नाही. सेलच्या आत तांब्याचा वर्ख असतो. सेल पार उपसला, की ओढायला लिथियम उरत नाही, मग ते तांबंच विरघळायला लागतं. वरून सेल तसाच दिसतो. पुन्हा चार्ज दिला की विरघळलेलं तांबं परत बसतं, पण जिथलं तिथं नाही. कुठंही, सुईसारखी टोकं काढून. मधला पडदा केसाहून पातळ. टोक पलीकडं पोचलं की सेल आतल्या आत जोडला जातो आणि तापतो. कधी लगेच, कधी महिन्यानं."

"मग पाटीनं या वेळी का नाही तोडलं?" लांबूनं विचारलं.

बाईंनी बॅटरीच्या कडेनं बाहेर आलेली एक लाल वायर बोटानं उचलली. "पाटीनं तिचं काम केलं. ही वायर पाटीच्या अलीकडून, थेट तीन ओळींवरून घेतलीय. ही तोडायला पाटीच्या हातात काही नव्हतं."

मी त्या वायरकडं पाहिलं आणि गप्प बसलो. मी गप्प बसलो हे ओळखीच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, थापा मारू नकोस.

ती वायर माझी होती. त्याच्या चार महिने आधीच्या सभेत लांबूच्या गाडीवर कर्णा आणि अँप्लिफायर बांधला होता. गाडी दिवसभर पळून आलेली. मी ऐन रंगात आलो आणि पाटीनं प्रवाह तोडला. माझं तोंड उघडं, आवाज गायब, समोर दीडशे माणसं हसतायत. एकानं मागून हाक मारली, "भाऊ, चावी द्या!" त्याच संध्याकाळी मी स्वतः झाकण उघडून अँप्लिफायर थेट तीन ओळींवर जोडला. बारा व्होल्टच्या आसपास मिळतात, काम भागतं, भाषण मध्येच मरत नाही. शहाणपणा वाटला होता. लांबूचा पाय मोडला तेव्हा अँप्लिफायर गाडीवरच राहिला, चालू. सहा आठवडे तो ताडपत्रीखाली त्या तीन ओळी शोषत होता, थेंब थेंब, कोणाला न ऐकवता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी बाहेर आल्यावर मी लांबूला म्हणालो, "या बाईचं ऐकू नको. चौकातल्या झटपटकडं जा."

झटपट म्हणजे ज्याच्या दुकानाच्या पाटीवर 'झटपट दुरुस्ती' लिहिलंय तो. त्यानं त्या तीन ओळींना बाहेरून थेट करंट देऊन साडेतीनपर्यंत आणलं. मग बीएमएसनं चार्जरचा प्रवाह आत घेतला. "झोपली होती, उठवली," म्हणाला. लांबू खूश.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंच्या दुकानावरून मुद्दाम गेलो, टोमणा मारायला. "झाली बरं का लांबूची बॅटरी. एका तासात."

बाईंचा हात थांबला. "कोणी भरली? कुठं आहे आता?"

"घरी. चार्जिंगला लावून लांबू पाण्याचे डबे भरायला केंद्रावर गेलाय."

"घरी कोण?"

"आई."

बाईंनी मीटर गळ्यात अडकवला आणि निघाल्या. चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या. मी मागं. लांबूला फोन लावत होतो; तिकडं पंपाच्या आवाजात त्याला कसलं ऐकू येतंय! "बॅटरी घरात नेमकी कुठं ठेवतो?" बाईंनी न थांबता विचारलं. दाराशीच, खुंट्यांच्या खाली, मी सांगितलं. "आणि दारं किती?" एक. त्या धावायलाच लागल्या. पन्नाशी उलटलेली बाई.

लांबूच्या आईचे गुडघे गेलेले. दुपारी गोळी घेऊन झोपते, कान कमी, आणि कडी आतून लावते कारण तिला चोरांचा संशय. चोरायला घरात काय, तर तीच बॅटरी. मी दार बडवलं. "आई! ओ आई!" काही नाही. खिडकीला गज. आत दाराजवळच्या कोपऱ्यात चार्जरचा दिवा दिसत होता, लाल.

वास येतोय का म्हणून मी नाक गजांत खुपसलं. शेजारच्या घरातल्या फोडणीचा आला. मी खांद्यानं दार फोडायला निघालो.

"दार बॅटरीवर पडेल, अहो!" बाईंनी मला कॉलरला धरून मागं ओढलं. "मेन स्विच कुठाय?"

जिन्याखाली मीटरचे डबे होते. बाईंनी नावं वाचत बसण्याऐवजी सगळे खटके खाली ओढले. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं. खिडकीतला लाल दिवा विझला. आता आतल्या तापाचं काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. पुन्हा बडवतो तोच आत खाट करकरली.

"मेला पंखा कोणी बंद केला?" आईचा आवाज. पंखा थांबला आणि गरम होऊन ती जागी झाली होती. भिंत धरत, शिव्या देत, ती दाराकडं यायला लागली. इतकं सावकाश कोणी चालू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. कडी निघाली. मी तिला उचललंच.

"खाली ठेव, मुडद्या! लग्नातसुद्धा कोणी उचललं नव्हतं मला!"

बाईंनी हाताची मागची बाजू बॅटरीच्या पेटीवर फिरवली. एका कोपऱ्यावर तो हात थांबला. "इथं कोमट आहे. बाकी गार." पायपुसण्यावर पेटी घेऊन आम्ही ती ओढत बाहेर नेली, गल्लीमागच्या मोकळ्या जागेत, भिंतींपासून लांब. लोकांना बाईंनी वीस पावलं मागं हटवलं. स्वतः तिथंच बसल्या.

तोवर माझे मिस्ड कॉल पाहून लांबू आला, धापा टाकत. आईला पाहिलं आणि मगच बॅटरीकडं पाहिलं.

बाईंनी सुया लावल्या. दहा ओळी तीन पॉइंट नव्याण्णव, पहिल्या दोन त्याहून थोड्या खाली. तिसरी ओळ तीन पॉइंट एक्क्याऐंशी. वीस मिनिटांनी दहा ओळी तिथंच. तिसरी एकोणऐंशी. जमलेल्यांतला एक म्हणाला, "काहीच तर होत नाही. उगाच घाबरवलं." मलाही, खोटं कशाला बोलू, क्षणभर तसंच वाटलं. जळालं असतं तर निदान दिसलं असतं. इथं नुसता आकडा. तासानं तिसरी ओळ चौऱ्याहत्तर.

"बॅटरीला आत्ता काय जोडलंय?" बाईंनी लांबूला विचारलं.

"काही नाही."

"मग जातंय कुठं?"

लांबूनं त्या कोमट कोपऱ्याकडं पाहिलं.

 शेवटी बोललो. "लांबू, ती लाल वायर मी जोडली. सभेच्या वेळी. अँप्लिफायर बंद करायला विसरलो तोही मीच. आणि झटपटकडं मीच पाठवलं."

लांबू उठून माझ्यासमोर उभा राहिला. एवढा उंच माणूस, मला वाटलं आता वरून मुस्कटात येणार. "भाऊ," तो म्हणाला, "माझी आई दाराच्या आत होती."

 

"वायरचं मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "चिकटपट्टी अशी उलटी गुंडाळणारा एकच माणूस आहे. कचेरीचा पंखा दुरुस्तीला आला होता, त्यावरही हीच." मग माझ्याकडं न पाहता, "सांगताय का बघत होते."

त्यांनी पिशवीतून मोटारीचा एक जुना दिवा काढला. "आता या तिन्ही ओळी पार रिकाम्या करायच्या. पुन्हा कधीच भरायच्या नाहीत, मग उतरल्या तरी चालतील. जीव गेला की जाळायलाही बळ उरत नाही त्यांच्यात. गार झाल्या की कापून काढते. दहा ओळी शाबूत आहेत, लांबू. दहा दिवस दे."

"दहा दिवस पाणी कोण ओढणार?"

"पुढारी," बाई म्हणाल्या. "हातगाडी आहे माझ्याकडं."

दिवा जोडायला दोन टोकं हवी होती. बाईंनी माझीच लाल वायर उचलली, उलटी चिकटपट्टी सोलली आणि माझ्या हातात दिली. मी ती दिव्याला लावली. भर उन्हात दिवा पिवळा पेटला. तो विझेपर्यंत कोणी उठायचं नाही, असं बाईंनी सांगितलं. लांबूची आई घरातून स्टूल घेऊन आली आणि आमच्यापासून वीस पावलांवर बसून मला शिव्या देत राहिली.