एकाच तखतावरची पेटी आणि तबला

बहीण कुवेतच्या इस्पितळात नर्स होती. तिनं पत्रात एकच गोष्ट मागितली होती: आईची पेटी आणि बाबांचा तबला एका कॅसेटवर, दोघं एकत्र. तिची एक मैत्रीण सुट्टी संपवून सोमवारी परत जाणार होती, कॅसेट तिच्यासोबत द्यायची होती. त्यामुळे हातात फक्त रविवारची दुपार होती.

दोघं दर रविवारी सकाळी वस्तीतल्या विहारात वाजवत. आई गात आणि पेटी वाजवत असे, बाबा साथीला. घरी सराव चाले तो बैठकीतल्या लाकडी तखतावर, गुडघ्याला गुडघा लावून.

मी तेव्हा वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. सीताबर्डीच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून ओळखीवर स्टिरिओ टेपरेकॉर्डर, दोन माइक आणि दोन स्टँड आणले. दुकानदारानं सांगितलं होतं, मशीनवरचा आवाज मोजणारा काटा लाल भागात गेला की आवाज फाटतो, मग तो परत शिवता येत नाही.

कूलर आणि पंखा बंद केला. मे महिना होता. आईनं पदरानं गळा पुसला आणि काळी चारची पट्टी धरली. बाबा हातोडीनं तबला लावू लागले.

"अजून चढवा," आई म्हणाली. "अजून. हां, बस."

एक माइक पेटीपुढे आणि एक डग्ग्यापासून वीतभर अंतरावर ठेवला. बाबांना थोडं वाजवून दाखवायला सांगितलं. त्यांनी हलक्या हातानं दोन आवर्तनं वाजवली, काटा मध्यावर राहिला. मी खूश झालो. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर पहिल्याच तिहाईला काटा लाल भागात जाऊन आपटला. टेप ऐकली तर डग्गा घुमण्याऐवजी पत्र्यावर दगड पडल्यासारखा वाजत होता.

"असा कसा वाजवतो मी?" बाबा म्हणाले. "तुही मशीन बिघडली हाय गा."

शिवाय तबल्याच्या माइकमध्ये पेटी शिरत होती, पेटीच्या माइकमध्ये तबला. दोन्ही वेगळे करावेत म्हणून मी बाबांना तखतावरून उतरवलं आणि समोरच्या भिंतीशी, पाचसहा हातांवर, सतरंजीवर बसवलं. त्यांचा माइकही हातभर मागे घेतला. हे सगळं मला शास्त्रशुद्ध वाटत होतं.

या वेळी फाटलं ते फाटलंच, वर ठेकाही सुटू लागला. बाबा आईच्या हाताकडे पाहत होते आणि दर आवर्तनाला जास्त जोरानं मारत होते. तिसऱ्या वेळी समेवर दोघं वेगवेगळे पोचले. बाबा हात पुसत मागच्या अंगणात गेले.

आई पेटीवर कपडा टाकत म्हणाली, "त्याईले तिथून माही पेटी ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून कमीच झालं. तबला कोण लावून देते, पाहिलं नाही का तू?"

"मग विहारात कसं वाजवतात?"

"तिथं बी मी जवळच बसतो ना. अन् इथं तखतावर पेटीची घरघर मांडीले लागते, त्यावर चालते त्याईचं. दूर केलं तू त्याईले, मग ते जोरानं मारतीन नाही तर काय करतीन? त्याईले काही बोलू नको."

बाबा आत आले तेव्हा मी म्हणालो, "बाबा, दूर बसवण्यात माझीच चूक झाली. वर या."

"मी काय म्हणत होतो?" ते म्हणाले आणि जुन्या जागी बसले.

माइक तखतावर ठेवले असते तर भात्याचा प्रत्येक धक्का टेपवर आला असता. म्हणून स्टँड खाली जमिनीवर लावले, तखतापासून चार हातांवर. दोन्ही माइकची तोंडं शेजारी शेजारी आणली, एकाचा रोख पेटीच्या वरच्या फळीकडे आणि दुसऱ्याचा तबल्याकडे. भात्याच्या बाजूला कोणत्याच माइकचा रोख ठेवला नाही. पेटी मागे पडू नये म्हणून दोन्ही स्टँड थोडे आईकडे सरकवले. मग बाबांना सांगितलं, "सगळ्यात जोरात वाजवा. जेवढा दम आहे तेवढा."

"खरंच?"

"वाजवा न अजी, तो सांगून राहिला तर," आई हसली.

त्या जोराला काटा लाल रेघेच्या अलीकडे थांबेल इतकं आवाजाचं बटण खाली आणलं आणि पुढे त्याला हात लावला नाही. दोघांनी वीस मिनिटं न थांबता वाजवलं. आईचा गुडघा बाबांच्या गुडघ्याला लागलेला होता. ठेका एकदाही सुटला नाही, काटाही रेघ ओलांडून गेला नाही.

मी टेप मागे नेऊन लावली. बाबा कान पुढे करून बसले होते, पण त्यांना किती ऐकू आलं ते सांगता येत नाही. संपल्यावर त्यांनी आईला नाही, मला विचारलं, "हिची पेटी दबली तर नाही ना माह्या तबल्याखाली?"

"नाही," मी त्यांच्या कानाजवळ जाऊन सांगितलं. "एकेक स्वर मोकळा आला आहे."

"मग पाठव," ते म्हणाले.