कपाटाशेजारची फट

राजाजीनगरच्या त्या जुन्या घरातल्या आजींना सगळे अक्का म्हणत. घराच्या दुरुस्तीचं काम आमच्या छोट्या ऑफिसकडे होतं. मापं मी घेतली, ड्रॉइंगही मीच केलं. पुढे शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोदकाम सुरू झालं. त्यानंतर एकदा अक्का मला म्हणाल्या, "अगं, खोली मोठी होतेय बघ. पडल्या पडल्या भिंतीला हात लागायचा. आता स्वल्प कमी पडतो."

"डॉक्टरांना दाखवणार आहोत," त्यांचा मुलगा दारातून हळूच म्हणाला.

मग भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कपाट आलं आणि आखूड पडलं; पलंगाकडच्या भिंतीशी फट राहिली.

"पीडीएफवर मोजूनच बनवलं, मॅडम," बेळगावचे कंत्राटदार म्हणाले. "तुमचा कागदच आटलाय."

ऑफिसातल्या सरांना फोन केला. "पीडीएफ काढताना फिट टू पेपर चालू राहिलं असणार. तुझ्या कॉन्व्हेंटमध्ये हे नाही शिकवलं?"

अक्कांच्या पलंगावर बसून लॅपटॉप उघडला. कागदात मावावं म्हणून ड्रॉइंग आकसलं असेल, तर एकास पन्नासची स्केल धरून मोजलेलं प्रत्येक माप त्याच प्रमाणात कमी येणार. आधी कोपऱ्यातली पाच मीटरची स्केलपट्टी मोजली. पाच मीटरच. नव्वद सेंटीमीटरचं दार नव्वदच. ही खोली मी लेझरने मोजली होती तेवढीच. याच पीडीएफवरून केलेला स्वयंपाकघरातला ओटा तर घट्ट बसला होता.

म्हणजे कागद आटला नव्हता.

मग मी फटीकडे नीट पाहिलं. खाली जेमतेम बोट जात होतं. वर अख्खी मूठ. कपाट नुसतं आखूड असतं, तर फट वरपासून खालपर्यंत सारखी असती.

"अण्णा, ओळंबा लावता का?"

कंत्राटदारांनी हसतच भिंतीपासून वीतभर अंतरावर दोरी सोडली. ओळंबा डोलायचा थांबला. कपाटाची कड दोरीशी समांतर होती. भिंत नव्हती. जसजसं वर पाहावं, तसतशी ती दोरीपासून लांब गेली होती, बाहेर, खड्ड्याच्या बाजूला. कोपऱ्यात पेंटरने दोनदा भरलेली चीर पुन्हा उघडली होती. खिडकीबाहेर खोदणारं मशीन घरघरत होतं, आणि ओळंबा बारीक थरथरत होता.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"कपाट बरोबर आहे," मी म्हणाले. "भिंत हललीय. अक्कांना आज इथे झोपवू नका."

कंत्राटदार बाहेर धावले. थोड्या वेळाने मशीन बंद झालं. मुलगा आईची उशी घेऊन उभा राहिला, तिच्याकडे न बघता. "चल, आई."

"सरी, येते," अक्का म्हणाल्या. पण आधी त्या पलंगावर आडव्या झाल्या आणि सवयीने हात लांब केला. बोटं हवेतच राहिली.

"सकाळी," त्या शांतपणे म्हणाल्या, "नखं तरी लागत होती."