व्याज वाढवायचं, तर नुकसान कुणाचं

आमच्या दौंडच्या कॉलेजात सेमिनारचे प्रश्न पेरायची रीतच होती. ज्याचा सेमिनार असेल त्यानं आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये चार मित्रांना भेळ चारायची आणि प्रत्येकाला एकेक प्रश्न वाटून द्यायचा. उत्तरं आपली आधीच पाठ. दुसऱ्या दिवशी ती मंडळी गंभीर चेहऱ्यानं हात वर करणार, आपण थोडा विचार केल्यासारखं करणार, मग घडाघडा बोलणार. दहा मार्क बोलण्याचे, दहा उत्तरांचे. मला यात काडीचीही लाज वाटत नव्हती. उलट माझ्यासारखं विचार केल्याचं सोंग कुणाला जमायचं नाही.

माझा विषय होता महागाई आणि व्याजदर. अर्थशास्त्राच्या मॅडम रोज पुण्याहून रेल्वेनं यायच्या. त्या तासिकेवर होत्या, म्हणजे शिकवतील तेवढ्याच तासांचे पैसे आणि दरवर्षी नेमणूक नव्यानं. शिकवायला कडक. ‘दोन्हींचा समतोल साधला पाहिजे’ हे वाक्य पेपरात दिसलं की त्या लाल रेघ ओढायच्या आणि विचारायच्या, साधायचा कसा, आणि त्यात कुणाला झळ बसते ते लिही की. त्यांच्यापायी माझे कितीतरी मार्क गेले होते. तरी त्या जाव्यात असं मला मुळीच वाटत नव्हतं. त्यांच्या तासाला मला भांडता यायचं, आणि दुसऱ्या कुणाच्या तासाला तेवढी मजा नव्हती.

आणि त्या जायची वेळ आलीच होती. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा तालुका आप्पा म्हणायचा, ते त्या आठवड्यात वर्गावर्गात बसून पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं ते ठरवत होते. मराठीच्या एका सरांना त्यांनी आदल्याच दिवशी नारळ दिला होता. माझ्या सेमिनारला आप्पा मागच्या बाकावर येऊन बसले, टोपी काढून बाजूला ठेवली. इकडं मॅडमच्या हातातला खडू मोडला. तो आवाज मला पुढं ऐकू आला.

म्हटलं, आता आपणच यांची नोकरी वाचवायची. पारदर्शक कागद प्रोजेक्टरवर चढवले आणि सुरू झाले. लोकांच्या हातात पैसा फार आणि बाजारात माल तेवढाच, की भाव चढतात. मग मध्यवर्ती बँक व्याजदर वाढवते. कर्ज महाग झालं की लोक गाडी, घर, नवी मशिनरी घ्यायचं पुढं ढकलतात, मागणी थंडावते, भाववाढीचा वेग कमी होतो. नशिबानं लाइट गेली नाही.

पेरलेला पहिला प्रश्न छान उगवला. महागाई कमी झाली म्हणजे वस्तू स्वस्त होतात का, असं मैत्रिणीनं विचारलं. मी भिंतीकडं बघून विचार केला आणि सांगितलं, की नाही, भाव वाढायचा वेग कमी होतो, भाव खाली येतीलच असं नाही. दुसरा प्रश्न राहू गावच्या एका पोराकडं होता. कांदा पिकलाच नाही म्हणून भाव चढला, तर व्याज वाढवून काय उपयोग, एवढंच त्यानं विचारायचं होतं. पण बेट्यानं माझ्याकडून प्रश्न आणि उत्तर दोन्ही ऐकून दोन्ही पाठ केलं होतं. तो उभा राहिला, प्रश्न विचारला आणि श्वास न घेता म्हणाला, की व्याज वाढवून शेतात कांदा येत नाही, पण त्या भाववाढीमुळं मजुरी, भाडं, बाकीचं सगळंच चढायला लागलं, तर मात्र बँकेला थांबून चालत नाही. आणि खाली बसला. वर्ग हसून लोळला. मला त्यानं खाल्लेल्या भेळेचा हिशोब तिथंच चुकता करावासा वाटला.

आप्पा हसले नाहीत. म्हणाले, “पाठांतर झालं. आता माझा प्रश्न. सगळंच चढतंय, मजुरीपासनं भाड्यापर्यंत. तू त्या बँकेची मालकीण हायस. व्याज वाढवणार का न्हाई?”

मला उत्तर येत नव्हतं असं नाही, पण आतून चीड आली होती आणि चीड आली की माझी जीभ माझ्या आधी धावते. आप्पांची पतसंस्था होती. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या ठेवी तिथं होत्या, आणि थोरल्या मुलानं वरवंडजवळ हायवेला ढाबा टाकायला कर्जही काढलं होतं. हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी अगदी गरीब चेहरा करून विचारलं, “आप्पा, तुम्ही ठेवीदार म्हणून विचारताय, का कर्जदार म्हणून?”

वर्ग असा काही फुटला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. आप्पांचे कान लाल झाले. मला वाटलं, जिंकलं. मग मॅडमकडं पाहिलं, तर त्या पांढऱ्याफटक. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला, की त्या टोल्याची किंमत मी नाही, मॅडम मोजणार होत्या.

त्यांनी हात वर करून वर्ग गप्प केला. वाटलं, आता आप्पांची माफी मागतील आणि मलाही मागायला लावतील. त्या म्हणाल्या, “प्रश्न चांगला होता. पण तिनं अजून उत्तर दिलेलं नाही. वाढवणार की नाही, आणि नुकसान कुणाचं, दोन्ही सांग.”

आता माझं सोंग संपलं. खरोखरच विचार करावा लागला. मी म्हटलं, वाढवेन. एकदम नाही, थोडं थोडं. कारण भाव चढतच राहणार असं एकदा लोकांच्या मनानं घेतलं, की व्यापारी आधीच दर वाढवतो, कामगार आधीच पगारवाढ मागतो, आणि मग पुढं व्याज फारच वाढवावं लागतं. ठेवीदाराला बरं होईल. कर्जदाराला हप्ता जड जाईल.

“एवढंच?” आप्पा म्हणाले.

“न्हाई. धंदे मंदावतील. कुरकुंभच्या कारखान्यात नवी भरती थांबेल. पहिल्यांदा घरी जाईल तो पक्का माणूस न्हाई. ज्याची नोकरी पक्की न्हाई, तो.”

बोलून झालं आणि मी काय बोलले ते सगळ्यांना एकाच वेळी कळलं, मलाही. कुणीही मॅडमकडं बघितलं नाही, इतकं ठरवून बघितलं नाही की त्यापेक्षा बघितलेलं बरं. मला जीभ चावून टाकावीशी वाटली.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “बरोबर आहे.” आणि फळ्यावर ते लिहिलंही.

आप्पांनी टोपी घातली. दाराशी थांबून त्यांनी मॅडमना विचारलं, “तुम्ही तासिकेवर ना? मग तिला ‘वाढवेन’ एवढ्यावर सोडायचं. नुकसान कुणाचं, हे का वदवून घेतलं?”

“अर्धं उत्तर मी कुणाचंच घेत नाही,” मॅडम म्हणाल्या.

आप्पा गेले. पुढच्या वर्षीच्या नेमणुका लागल्या तेव्हा त्यात मॅडमचं नाव होतं. पुन्हा तासिकेवरच. पक्की नाहीच.

माझ्या उत्तरांना दहापैकी सात मिळाले होते. मी तणतणत त्यांच्याकडं गेले. अख्ख्या वर्गात एवढं पूर्ण उत्तर कुणी दिलं नव्हतं, तुमच्यासाठी जीव तोडून दिलं, आणि वर तीन मार्क कापता? प्रश्न पेरल्याचे कापले असतील तर तसं सांगा, बाकीच्यांचेही कापा.

मॅडम वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर केली.

“पेरलेल्याचे नाही कापले. नोकरी कुणाची जाणार ते सांगताना तू खाली बघत होतीस,” त्या म्हणाल्या. “निर्णय तुझा होता ना? मग ज्याचं नुकसान होणार, त्याच्याकडं बघून सांगायचं.”